राखून ठेवलेली ओळ

किन्हीराजाच्या शाळेत खिचडीची वेळ झाली, की रामीबाई वाट बदलायची. निंदणाला जायची सरळ पायवाट शाळेच्या कुंपणाला लागून जाते. चांगली कोरडी वाट आहे. पण ही बाई ती सोडून नाल्याच्या चिखलातून जायची, पोटऱ्यांपर्यंत पाय बरबटवून घ्यायची. सोबतच्या बायका हसायच्या. "काहून व रामे, मास्तर छडी घेऊन बसला काय तुह्यासाठी?" रामीबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. सांगणार तरी काय? ताटं मांडून झाली की पोरं हात जोडून एका सुरात "ॐ सह नाववतु" म्हणत, आणि त्या मंत्राची शेवटची ओळ तिला कानावर पडू द्यायची नव्हती. आधीचं सगळं तिला पाठ होतं. ती एक ओळ तेवढी नव्हती. ती ओळ तिच्या निताची होती, निताने ती राखून ठेवली होती, आणि निता आता या जगात नव्हती.

निता म्हणजे रामीबाईची थोरली. गावाशेजारच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच पोरगी नव्हे, पण संस्कृत घेऊन बसलेली मात्र पहिलीच. जऊळक्याहून रेल्वेने वाशिमला कॉलेजात जायची, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गावात पुंजाजी गुरुजींच्या ओट्यावर शिकायला बसायची. तांड्यातल्या नानीबाई म्हणायच्या, "या पोरीच्या लग्नात भटजीचं कामच नाई बाप्पा. हेच बसन पाटावर अन् हेच म्हणन मंगलाष्टकं!" निता हसायची. वाईट वाटून घेणाऱ्यातली नव्हतीच ती.

पुंजाजी गुरुजी कुणब्याच्या घरचे, पंधरा एकर वावर राखून असलेले. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. माणूस तापट, पण शिकवणारा असा की पालथ्या घड्यावरही पाणी ठरावं. त्यांचा एक नेम होता. पाठ सुरू करायच्या आधी गुरू आणि शिष्याने समोरासमोर बसून हा मंत्र एकत्र म्हणायचा आणि पाठ संपला की पुन्हा म्हणायचा. एकट्याने नाही. घरात मयत झाली असो की वावरात पेरणी खोळंबली असो, मंत्राशिवाय त्यांनी पुस्तक उघडलं नाही, मिटलं नाही.

मग हेमसिंग, रामीबाईचा नवरा, बैलगाडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. तेही दिवाळीच्या तोंडावर. मुकादमाला जोडी कबूल केलेली. ऊसतोडीला एकटं माणूस चालत नाही. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. धाकटा बादल जऊळक्याला मोबाइलच्या दुकानात नुकताच लागलेला. रामीबाई निताला म्हणाली, "चार महिन्याचा तर सवाल हाय. चाल माह्यासंग." निता थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली आणि "बरं याडी" म्हणाली. याडी म्हणजे आई. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं रामीबाईला आता उठता-बसता वाटे.

तिकडे पश्चिमेच्या ऊसपट्ट्यात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, मायलेकी पहिल्यांदा अशा एकमेकींच्या अंगाला अंग लावून राहिल्या. गावी पोरगी कॉलेजात आणि आई वावरात. इथे दिवसभर एकच सरी. संध्याकाळी भाकरी झाल्या की निता तवा पालथा घालायची आणि त्याच्या काळ्या पाठीवर खडूने अक्षर काढायची. "याडी, तू मुकादमाच्या कागदावर अंगठा लावते ना, मले लाज वाटते. शिक." रामीबाई म्हणाली, "आता मसणात गोवऱ्या गेल्यावर कायले शिकवतं व?" पण बसली. लेकीच्या हाताखाली बसायला कोणाला आवडणार नाही?

आणि अक्षराआधी मंत्र. निता समोर बसून म्हणायची, रामीबाई मागून म्हणायची, मग दोघी एकत्र. आवाज कुठे खाली न्यायचा, कुठे चढवायचा, तेही शिकवलं. पण "तेजस्विनावधीतमस्तु" म्हणून झालं की निता थांबे, अर्ध्या श्वासात थांबावं तशी, आणि एकदम शांतीवर उडी मारे. रामीबाईच्या कानाला ते खटकलं. ज्या बाईने जन्मभर होळीची लेंगी गाणी गायली, तिला सूर तुटलेला कळणार नाही?

"हे मंधातच काहून तोडतं?"

"एक ओळ हाय शेवटची. ते गुरुजीसाठी राखून ठेवली. घरी गेल्यावर पह्यले त्यायच्यासंग म्हणीन, मंग तुले शिकवीन."

"काय हाय त्या ओळीत असं?"

"घरी गेल्यावर सांगीन ना, याडी."

घरी आलीच नाही ती. माघातली गोष्ट. ट्रकात ऊस भरायला फळी लावलेली असते, त्या फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन चढायचं. संध्याकाळ होत आली होती, निता दमली होती, म्हणाली, बसते जरा. रामीबाई म्हणाली, "हा एकच फेरा. चाल." दवाने फळी निसरडी झालेली. निता पडली ती डोक्यावर. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

रामीबाईला "हा एकच फेरा" हे शब्द झोपू देत नसत. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला काय सांगायचं? हेमसिंग भिंतीला टेकून बसायचा, बोलणं त्याने सोडूनच दिलं होतं. बादलने आपल्या परीने एक केलं. आई तो अर्धा मंत्र पुटपुटते हे त्याने पाहिलं आणि मोबाइलवर अख्खा मंत्र लावून दिला. बाजा-पेटीसकट, गोड आवाजात. "घे याडी, पुरा हाय." शेवटची ओळ यायच्या आत रामीबाईने मोबाइलवर उशी दाबून धरली. बादल बघतच राहिला.

"ते मशीनच्या तोंडून घ्यायची नाई," ती म्हणाली. "तिनं जिथं ठेवली तिथूनच घ्यायची."

आता तुम्ही म्हणाल, मग पाच महिने गेली का नाही? गावाचं आणि तांड्याचं अंतर ते काय, हाळी दिली तर ऐकू जावं. खरं सांगायचं तर तिचं मन भीत होतं. ती ओळ घ्यायला पोरगी यायची होती. पोरीच्या जागी आपण गेलो, तर पोरगी येणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं.

आषाढात एकदा नाल्याला पाणी चढलं आणि चिखलाची वाट बंद झाली. शाळेजवळून जाणं भाग. खिचडीची वेळ नेमकी तीच. पोरांनी सुरू केलं आणि रामीबाई भर रस्त्यात खुरपं टाकून, दोन्ही कानांत बोटं घालून खाली बसली. बायकांनी तिला उठवलं. कोणी हसलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धुतलेलं लुगडं नेसली आणि गुरुजींच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

ओटा रिकामा होता. पूर्वी तिथे दोन चटया समोरासमोर असायच्या, आता सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या थैल्या पडल्या होत्या. गुरुजींच्या पत्नी, सोजरबाई, तिला बघून दारातच थबकल्या आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, निताची माय आली." आतून गुरुजी आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर. माणूस पार खचला होता.

"बसा बाई."

"बसाले नाई आली, गुरुजी. निताची एक ओळ तुमच्यापाशी राह्यली. ते द्या."

गुरुजींनी विचारलं कोणती ओळ, आणि तिने सगळं सांगितलं. कोपी, तवा, अर्ध्या श्वासात थांबणं. सांगून झालं तेव्हा गुरुजी खांबाला धरून खाली बसले होते.

"मी तो मंत्र म्हणत नाही आता, बाई. शिकवणंही सोडलं. मले अधिकार नाही."

"अधिकाराचं मले काय सांगता? मले त्याचा अर्थबी माहीत नाई. माही पोरगी रोज काय म्हणत होती, ते तरी सांगा."

हे मात्र त्यांना टाळता आलं नाही. सोजरबाईंनी थैल्या उचलून दोन चटया टाकल्या. गुरुजी हळूहळू सांगू लागले, वर्गात सांगत तसं, पण आवाज वर्गातला नव्हता.

"हा यजुर्वेदातला शांतिमंत्र. शिकायला बसताना गुरू-शिष्याने एकत्र म्हणायचा. शाळेत जेवणाच्या आधी म्हणतात, कारण यात पोसण्याचंही मागणं आहे. पण याची मूळ जागा पाठाची. सह नाववतु, म्हणजे देवा, आम्हा दोघांचं रक्षण कर. सोबत कर. गुरूचं वेगळं नाही, शिष्याचं वेगळं नाही."

"सह नौ भुनक्तु," रामीबाई म्हणाली.

"दोघांना सोबत पोस. सह वीर्यं करवावहै, आम्ही दोघं मिळून जोर लावू, कष्ट करू. तेजस्विनावधीतमस्तु, आमचं दोघांचं शिकलेलं तेजस्वी होवो, त्याचा उजेड पडो."

"अन् शांती तीनदा काहून?"

"तीन तऱ्हेनं विघ्न येते म्हणून. एक वरून येते, पाऊस, वीज, भूकंप, जिथं माणसाचा इलाज नाही. दुसरं बाहेरून, माणसांपासून, जनावरांपासून. तिसरं आपल्याच आतून, शरीराचं, मनाचं. पह्यली शांती मोठ्यानं म्हणावी, दुसरी हळू, तिसरी ओठातल्या ओठात, म्हणजे आपल्या आपल्याले ऐकू येईन एवढीच."

रामीबाईने मान वर केली. "गुरुजी, ओली फळी कोणत्या शांतीत येते?"

गुरुजींनी ओट्याच्या कडेला बोट फिरवलं, माती काढली, पुन्हा तिथेच बोट फिरवलं.

"दोघायचं सोबत रक्षण कर म्हणे," ती बोलतच राहिली. "तुमी इथं बसले. माही पोरगी कुठं हाय? रोज संध्याकाळी म्हणे ते. काय कामाचा मंत्र मंग?"

"ते मागणं आहे, बाई," गुरुजी म्हणाले. "मिळाल्याची पावती नाही. मागावं लागते याचा अर्थच हा, का मिळनच असं नाही."

मग तिने विचारलं, "अन् शेवटची?"

गुरुजींनी डोळे मिटले. "मा विद्विषावहै. आम्हा दोघांकडून एकमेकांचा द्वेष न होवो."

पाच महिने वाट बदलून जिला चुकवलं, ती ओळ अशी कानावर पडली. रामीबाईला वाटलं होतं काही मोठं असेल, देवाचं नाव असेल. हे तर भांडण झालेल्या दोन बायांनी पाणवठ्यावर बोलावं असं साधं बोलणं.

"हे काहून राखलं तिनं?"

मग गुरुजींनी सांगितलं. निता जायच्या आदल्या दिवशी आली होती. पाठ झाला आणि तिने सांगितलं की ऊसतोडीला जाते, परीक्षा पुढच्या वर्षी देईन. गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाले, इतकी वर्षं मी उकिरड्यावर पेरणी केली काय? निता गप्प बसली, हात जोडले आणि शेवटचा मंत्र सुरू केला. गुरुजी सोबत म्हणत होते. त्या शेवटच्या ओळीपाशी मात्र ते उठले आणि आत निघून गेले, तिला एकटीला ओट्यावर सोडून. "रागात ती ओळ म्हणणं मले खोटं वाटलं," ते म्हणाले. "मले वाटलं, येईन परत, मंग म्हणू."

रामीबाई उठली. "उकिरडा म्हणता? माह्या पोरीले उकिरडा म्हणता? ते तुमची ओळ जपत बसली व्हती तिकडं उसात! तुमी एक शब्द गोड बोलले असते तर..." पायरी उतरून ती फाटकापर्यंत गेली. फाटकाची कडी हातात धरली आणि तिथेच उभी राहिली.

तर काय? गुरुजी गोड बोलले असते तर पोरगी गेली नसती? गेलीच असती. नेलं कोणी? गुरुजींनी? "हा एकच फेरा, चाल," असं कोण म्हणालं? इतके महिने जे ती कोणाजवळ बोलली नव्हती, ते फाटकाची कडी धरून ती मोठ्याने बोलली.

"म्या नेलं तिले, गुरुजी. दमली म्हणत होती, म्याच चढवलं फळीवर." तिने पदर तोंडात कोंबला, काढला. "मलेबी शिकवत होती ते. मीबी शिष्यच झाली तिची. अन् माह्यासंगबी तिनं ते ओळ म्हटली नाई. ते माहा द्वेष करत असन काय, गुरुजी?"

सोजरबाई दारात रडत होत्या. गुरुजी उठून अनवाणी तिच्यापर्यंत आले. गुरुजी कोणाच्या मागे गेले, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "द्वेष असता तर ओळ टाकून दिली असती. राखून कायले ठेवली असती? ज्याच्यासंग पुन्हा बसायचं असते, त्याच्याचसाठी माणूस राखून ठेवते. मी चुकलो ते तिथं. ज्याच्या मनात राग नाही त्याले ही ओळ म्हणायची गरजच नाही. शिकवताना, शिकताना दोघांकडून अपराध होतो. गुरू टाकून बोलते, शिष्य मनात धरते. त्याचीच तर शांती मागायची असते. राग आला होता, तेव्हाच म्हणायला पाहिजे होती. एवढं शिकवलं पोरीले अन् मलेच समजलं नाही."

"मले तुमचा राग हाय," रामीबाई म्हणाली. "आजबी हाय."

"असू द्या. मलेही माहा आहे."

"अन् मले माहा."

ती परत आली आणि चटईवर बसली. गुरुजी समोर बसले. दोघांनी हात जोडले. गुरुजींनी सुरुवात केली, पण आवाज फाटला, तेव्हा रामीबाईने सूर धरला, निताने शिकवला तसा, खाली नेऊन वर चढवत. सह नाववतु. सह नौ भुनक्तु. सह वीर्यं करवावहै. गुरुजी तिच्या सुरात येऊन मिळाले. तेजस्विनावधीतमस्तु. इथे रामीबाई सवयीने थांबली. गुरुजीही थांबले आणि वाट पाहत राहिले. श्वास संपत आला होता. तिने डोळे घट्ट मिटून म्हटलं, "मा विद्विषावहै," आणि गुरुजींचा आवाज तिच्या आवाजासोबतच निघाला. पहिली शांती मोठ्याने झाली. दुसरी हळू. तिसरी कोणालाच ऐकू आली नाही, दोघांचे ओठ तेवढे हलले.

"मंत्र झाला म्हणजे पाठ सुरू झाला," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "काय शिकवत होती ते तुम्हाले?"

रामीबाईने ओट्यावरच्या धुळीत बोटाने आपलं नाव काढलं. "एवढंच येते. आता तिचं काढून दाखवा."

गुरुजींनी शेजारी निता लिहिलं. रामीबाईने त्याच्याखाली लिहिलं. वेलांटी उलटी आली, पुसली, पुन्हा लिहिलं, तेव्हा बरोबर आली. मग पाठ संपला म्हणून नेमाप्रमाणे पुन्हा मंत्र म्हटला, शेवटच्या ओळीसकट. सोजरबाईंनी चहा दिला. तो रामीबाईने अख्खा प्यायला. "उद्या या," गुरुजी म्हणाले. तिने मान हलवली. येईन म्हणाली की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

परत निघाली तोवर दुपार झाली होती. नाल्याचं पाणी ओसरलं होतं, चिखलाची वाट मोकळी होती. ती शाळेच्या वाटेने गेली. कुंपणाच्या आत ताटं मांडली जात होती. पोरांनी हात जोडले आणि सुरू केलं, निम्मी घाईत, निम्मी खिचडीकडे बघत. रामीबाई कुंपणाला धरून उभी राहिली. शेवटची ओळ आली, गेली, आणि पोरं जेवायला लागली.

मागून बायका आल्या. तिला तिथे बघून एकीने विचारलं, "काय व रामे, आज कानात बोटं नाई घातले?"

"आता कायले?" रामीबाई म्हणाली. आजवर पोरीचं एक काम बाकी होतं. त्या कामासाठी ती यायची होती. रोज सकाळी उठल्यावर, घरी गेल्यावर सांगीन ना याडी, हे शब्द ऐकू यायचे आणि खरे वाटायचे. "आज निताचा पाठ पुरा झाला, बाई. आता काईच राह्यलं नाई तिचं."

आणि मग ती रडली. माघापासून पहिल्यांदा, रस्त्यात बसून, मोठ्याने, तांड्यातल्या बाया मयताला रडतात तशी, लेकीचं नाव घेऊन घेऊन. बायकांनी खुरपी बाजूला ठेवली आणि तिच्याभोवती बसून त्याही रडू लागल्या.